वाचकालाही अक्षरे जुळवू द्या

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी एक लघुकथा लिहिली आहे. मार्च 2020 च्या अखेरीस टाळेबंदी लागते, मिरजेत आप्पांकडे येणारे वर्तमानपत्र थांबते आणि त्याबरोबर त्यांचे रोजचे अक्षरजुळणीचे कोडेही. मग ते स्वतःच दररोज सकाळी सात वाजता घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एका शब्दाची अक्षरे उलटसुलट करून टाकू लागतात. ठाण्यात दुकान बंद पडून घरी बसलेला नातू वैभव आणि आप्पांजवळ राहणारी त्याची धाकटी बहीण स्नेहल यांच्यात आधी उत्तर कोण देतो याची चुरस लागते. मी अकरा दिवसांचे अकरा शब्द दिले आहेत आणि संदेश जसेच्या तसे उतरवले आहेत. शेवटचा शब्द ‘जिव्हाळा’ आहे. दोन मैत्रिणींना कथा वाचायला दिली. दोघी “गोड आहे” म्हणाल्या, पण कोण जिंकले हे एकीलाही आठवत नव्हते. शर्यत कागदावर आहे, मग ती वाचणाऱ्याला का जाणवत नाही? कथा सोबत जोडली आहे.
— एक वाचक, मिरज

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमची कथा मी दोनदा वाचली, आणि दुसऱ्या वेळी घड्याळ जवळ ठेवले होते. अकराव्या दिवशी आप्पा ‘व्हा – ळा – जि’ अशी अक्षरे टाकतात. ती वाचून शब्द ओळखायला मला दोन सेकंदही लागले नाहीत, आणि वैभव व स्नेहल यांना मात्र तुम्ही चार मिनिटे खोळंबून ठेवले आहे. म्हणजे या शर्यतीत तिसरा स्पर्धक वाचक आहे, तो दोघांच्या कितीतरी आधी पोहोचला आहे आणि आता ते दोघे कधी येतात याची वाट पाहत बसला आहे. जिंकून मोकळ्या झालेल्या माणसाला मागून आलेल्यांपैकी पहिला कोण हे आठवत नाही, आणि तुमच्या मैत्रिणींचे नेमके हेच झाले आहे.

एका पुरवणीसाठी मी बरीच वर्षे अशी कोडी रचली असल्यामुळे हा शब्द इतका सोपा का गेला हे मोजून सांगतो. तीन अक्षरे सहा प्रकारे मांडता येतात. मराठी शब्द ‘ळ’ने सुरू होत नाही, म्हणून ‘ळा’ पहिला असलेल्या दोन मांडण्या लगेच बाद होतात. शब्दाच्या शेवटी येणारा इकार आपण दीर्घ लिहितो, ‘आणि’, ‘तथापि’ यांसारखे थोडेच शब्द त्याला अपवाद आहेत, म्हणून ऱ्हस्व ‘जि’ शेवटी बसत नाही आणि आणखी एक मांडणी जाते. उरतात तीन, आणि त्यांतल्या दोन उच्चारूनही पाहवत नाहीत. वाचक हा हिशेब मनात मांडत नाही, पण त्याचा डोळा लहानपणापासून हेच नियम पाळत आला आहे आणि तो निवाडा आपोआप करून टाकतो. तुमच्या अकरा शब्दांपैकी आठ शब्द तीन अक्षरांचे आहेत. शर्यत तिथेच संपली आहे.

आणखी एक अडचण मांडणीची आहे, आणि ती दुरुस्त करणे सर्वांत सोपे आहे. आप्पांच्या संदेशाच्या पुढच्याच ओळीत तुम्ही उत्तराचा संदेश दिला आहे. आपण ओळ वाचत असताना डोळ्याला खालची ओळही अर्धवट दिसत असते, त्यामुळे सोडवायची इच्छा होण्यापूर्वीच उत्तर हाती पडते. अक्षरे आणि उत्तर यांच्यामध्ये किमान एक भरीव परिच्छेद हवा, आणि त्या परिच्छेदात पात्रांनी सकाळची कामे करत करत तेच कोडे सोडवत असले पाहिजे, म्हणजे वाचकालाही तेवढा वेळ मिळेल आणि तो वेळ रिकामा वाटणार नाही.

आता शब्दाच्या निवडीकडे येतो, कारण कथेचा सगळा भार तिथे आहे. अक्षरांच्या संख्येबरोबर मांडण्या फार वेगाने वाढतात: चार अक्षरांच्या 24 होतात, पाचांच्या 120 आणि सहांच्या 720. अक्षर पुन्हा आले की संख्या घसरते. ‘कटकट’ हा शब्द चार अक्षरी दिसतो, पण त्याच्या वेगळ्या मांडण्या सहाच होतात. इथे अक्षर म्हणजे काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षर यांसह उच्चारला जाणारा तुकडा. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द लिहिताना कितीही गजबजलेला दिसला तरी कोड्यात त्याचे तीनच तुकडे पडतात, आणि ‘त्र्य’ दिसताक्षणी तो ओळखताही येतो. पाचव्या दिवशी तुम्ही वेलांटी सुटी करून वेगळे अक्षर म्हणून टाकली आहे. इंग्रजी कोड्यात प्रत्येक वर्ण सुटा करतात म्हणून हे सुचले असावे, पण मराठीत ते चालत नाही. सुटी वेलांटी फोनवर टिंबांच्या वर्तुळाला चिकटून उमटते, आणि आयुष्यभर वर्तमानपत्रातली अक्षरजुळणी सोडवलेले आप्पा ती चूक कधीही करणार नाहीत.

माझा सल्ला असा आहे की अकरा दिवसांचे तीन दिवस करावेत. पहिला दिवस वाचकाला जिंकू द्यावा, दुसरा दोघा भावंडांत अडकवावा आणि तिसरा खरोखर अवघड असावा.

पहिल्या दिवसाचा शब्द तुमच्याच यादीत आहे, ‘आठवण’. अक्षरे चार आहेत, पण ‘आ’ हा स्वर स्वतंत्र आला की तो बहुतेक वेळा शब्दाच्या आरंभी असतो, आणि तो तिथे बसवला की सहाच मांडण्या उरतात. वाचक शब्द ओळखतो, खूश होतो आणि खेळाचे नियम न सांगता शिकतो. या दिवसावर अर्ध्या पानाहून जास्त जागा खर्च करू नये.

दुसऱ्या दिवसासाठीही शब्द तुमच्याच यादीतला आहे, आणि तिथे तुमच्या हाती फार मोठी गोष्ट लागली होती, ती तुम्ही हातची घालवली आहे. चौथ्या दिवशी आप्पा ‘ता – क – वि’ अशी अक्षरे टाकतात, स्नेहल ‘कविता’ लिहिते आणि तुम्ही पुढच्या दिवसाकडे वळता. याच तीन अक्षरांतून ‘विकता’ हाही शब्द होतो. कोडे रचणारा उत्तर एकच धरून चालतो, आणि दुसरे उत्तर निघाले की वाचकांची पत्रे येतात. माझ्याकडून ‘कमल’ देताना ‘कलम’ नजरेतून सुटले होते, तेव्हा पुढच्या आठवड्यात दोन्ही उत्तरे ग्राह्य धरल्याचे छापावे लागले. कोड्यातला हा दोष कथेत फार कामाचा आहे. ज्याचे दुकान बंद आहे, ज्याचा माल गोदामात पडून आहे आणि जो रोज सकाळी हिशेबाची वही उघडतो, त्या वैभवला ‘विकता’ दिसू द्या. स्नेहलला ‘कविता’ दिसू द्या. तो शब्द त्याला का दिसला हे कोणी बोलू नये. आप्पांनी फक्त “विकता हे क्रियापदाचे रूप आहे, चालेल का ते पाहतो” एवढे लिहावे, आणि त्याला पैशांची अडचण आहे हे गटातल्या कोणाच्याही लक्षात येऊ नये; ते वाचकाच्या लक्षात येईल.

याच दिवशी आधी कोण हा वादही होऊ शकतो, आणि त्यासाठी सातव्या दिवसातली एक चूक सुधारावी लागेल. तिथे तुम्ही ‘सात वाजून तीन मिनिटे बारा सेकंद’ अशी वेळ देऊन निकाल लावला आहे, पण गटातल्या संदेशाखाली तास आणि मिनिटेच दिसतात. दोघांनी एकाच मिनिटात पाठवले तर वेळेवरून निकाल लागत नाही. शिवाय आपण पाठवलेला संदेश आपल्या फोनवर तत्क्षणी उमटतो आणि दुसऱ्याचा पोहोचल्यावर त्याच्या खाली येतो, म्हणून अगदी जोडीने पाठवलेले संदेश सहसा स्नेहलच्या फोनवर स्नेहलचा आधी आणि वैभवच्या फोनवर वैभवचा आधी असे दिसतात. दोघेही आपापल्या पडद्याचे चित्र काढून गटावर टाकतील, दोन्ही चित्रे खरी असतील, आणि दोघेही समोरचा खोटे बोलतो असे मानतील. भावंडांच्या भांडणाला याहून चांगली जागा तुम्हाला सापडणार नाही. मात्र त्यासाठी कथा एकाच फोनमागे बसून सांगायला हवी. तुम्ही आत्ता एका परिच्छेदात ठाण्यात आणि दुसऱ्यात मिरजेत असता, त्यामुळे वाचकाला दोन्ही पडदे दिसतात आणि वाद उरत नाही. मी स्नेहलचा फोन निवडेन, कारण ती आप्पांजवळ आहे आणि तरीही आप्पांचे उत्तर तिला फोनवरच कळते.

तिसऱ्या दिवसासाठी एक शब्द सुचवतो. अक्षरे ही आहेत:

र – म – णी – ध – न

उत्तर आताच देत नाही, कारण तुमच्या वाचकाला कोणता रस्ता दिसेल हे तुम्ही स्वतः एकदा अनुभवावे असे मला वाटते. अक्षरे पाच आहेत, पाचही वेगळी आहेत, म्हणजे मांडण्या 120. ‘ण’नेही मराठी शब्द सुरू होत नाही, म्हणून ‘णी’ पहिली येणार नाही. दीर्घ वेलांटी बहुतेक वेळा शब्दाच्या शेवटी तरी असते किंवा ‘खणखणीत’ या शब्दासारखी शेवटच्या अकारान्त अक्षराच्या आधी तरी असते. ती शेवटी धरली तर उरलेल्या चार अक्षरांच्या 24 मांडण्या राहतात, आणि एवढ्या मांडण्या चहा उकळेपर्यंत मनात फिरवता येतात. पण माणूस अशी एकेक मांडणी करून पाहत नाही. त्याला आधी ओळखीचे तुकडे दिसतात, आणि या पाच अक्षरांत दोन ओळखीचे तुकडे मुद्दाम समोर उभे आहेत: ‘रमणी’ आणि ‘धन’. दोन्ही मिळून पाचही अक्षरे संपतात, त्यामुळे उत्तर हाती आले असे वाटते, आणि त्या दोघांना कसेही जोडले तरी शब्द होत नाही. चांगल्या कोड्याचे लक्षण हेच आहे की त्याची चुकीची वाट बरोबर वाटेपेक्षा रुंद असते. तुमच्या वाचकाने या वाटेवर जाऊन परत यावे, आणि तो परत येत असताना पात्रही परत येताना दिसावे.

हा प्रसंग मी साधारण कसा लिहीन ते पाहा. शब्द तुमचे असावेत. मी फक्त गती दाखवत आहे.

*सात वाजून एक मिनिटाने आप्पांचा संदेश आला. पाच अक्षरे, आणि खाली रोजचे वाक्य: उत्तर देवनागरीत, प्रयत्न एकच. पलीकडच्या खोलीत आप्पांनी चष्मा काढून पाटावर ठेवल्याचा आवाज तिला ऐकू आला.*

*स्नेहलने दुधाखालचा गॅस बारीक केला. तिला ‘धन’ दिसले, मग ‘रमणी’ दिसली, आणि दोन्ही इतक्या सहज दिसल्या म्हणून तिने फोन ओट्यावर पालथा ठेवला. जे तिला दिसले ते दादालाही दिसले असणार. दादा कागद घेऊन बसला असेल, उभी रेघ मारून ‘णी’ उजवीकडे लिहिली असेल आणि डावीकडे एकेक अक्षर बदलत असेल. तिला कागदावर काही सुचत नसे. ती अक्षरे तोंडात घोळवी.*

*“रमणी,” ती पुटपुटली. मग ‘म’ काढून ‘र’च्या आधी काय बसते ते पाहू लागली. नरणी. धरणी. धरणी चालते. उरले दोन.*

*दुधावर साय धरू लागली होती. तिला एकदम माजघराचे दार आठवले, त्यामागे पाय पोटाशी घेऊन बसलेला दहा वर्षांचा दादा आठवला, आणि हातात भाकरीचा तुकडा घेऊन त्याच्यापुढे वाकलेली आजी. आजी तेव्हा काय म्हणे? वाक्य आधी आठवले आणि त्यातला शब्द मागाहून.*

*तिने फोन उचलला. वर लिहून येत होते: दादा टाइप करत आहे.*

इथे थांबतो. शब्द ‘मनधरणी’ आहे.

या उताऱ्यात मी ज्या दोन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत त्या तुमच्या लक्षात आणून देतो. वैभव नियमाने सोडवतो आणि स्नेहल कानाने सोडवते, हा फरक मी त्यांच्या स्वभावाचे वर्णन करून दिलेला नाही, तो त्यांच्या सोडवण्याच्या पद्धतीतून आला आहे. तुमच्या कथेत ‘वैभव शिस्तीचा होता आणि स्नेहल भावनाप्रधान होती’ असे वाक्य पहिल्या पानावर आहे. ते काढून टाकले तरी काही कमी होणार नाही. दुसरे असे की शब्द तिला मांडण्यांतून सापडत नाही, कोणाच्या तरी तोंडच्या वाक्यातून सापडतो. अक्षरजुळणी सोडवताना शेवटचा टप्पा खरोखर असाच असतो. डोळा तुकडे जमवतो, पण शब्द येतो तो कधीतरी ऐकलेल्या वाक्याला धरून. ‘मनधरणी’ हा शब्द आपण एकटा क्वचित ऐकतो, तो ‘करणे’ला जोडून, रुसलेल्या माणसाच्या संदर्भात ऐकतो. म्हणूनच ज्याची मनधरणी होत असे त्या वैभवला तो उशिरा सापडावा आणि जी दाराआडून पाहत असे तिला आधी सापडावा, हे मला स्वाभाविक वाटते.

आता निकालाकडे वळू. घाईत स्नेहल मराठी शब्द रोमन अक्षरांत टंकते आणि कळफलक देवनागरी पर्याय सुचवतो, ही तुमच्या कथेतली नोंद अगदी खरी आहे आणि ती वाया जाऊ देऊ नका. रोमनमध्ये ‘न’ आणि ‘ण’ साठी घाईत एकच अक्षर दाबले जाते. पहिला सुचलेला पर्याय न पाहता निवडला की ‘मनधरनी’ उमटते, आणि तिने ते पाठवलेले असते. तिच्या फोनवर तिचा संदेश आधी आहे, वेळ 7:06. त्याखाली वैभवचा ‘मनधरणी’ येतो, वेळ 7:07. आधी ती आहे आणि बरोबर तो आहे. आणि ही केवळ शुद्धलेखनाची बारीक चूक आहे असे म्हणून सोडून देता येत नाही, कारण आप्पांनी दिलेल्या अक्षरांत ‘णी’ होती, ‘नी’ नव्हती, आणि तिच्या उत्तरात ‘नी’ आली आहे. खेळाच्या नियमाने तिचे उत्तर त्या अक्षरांचे नाहीच. वाचक वर जाऊन अक्षरे पुन्हा मोजील. त्याने तसे वर जाणे हेच तुम्हाला हवे आहे.

काळाचे एक पथ्य इथे पाळावे लागेल. पाठवलेला संदेश पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करण्याची सोय व्हॉट्सअ‍ॅपवर 2023 मध्ये आली. तुमची कथा 2020 ची आहे, म्हणून स्नेहलला ‘नी’ची ‘णी’ करता येणार नाही. तिच्यापुढे दोनच मार्ग आहेत, संदेश आहे तसा ठेवणे किंवा सर्वांसाठी हटवणे, आणि हटवला तर तो हटवल्याची खूण सगळ्यांना दिसत राहील. नवव्या दिवशी वैभव उत्तर ‘गुपचूप बदलतो’ असे तुम्ही लिहिले आहे, ते याच कारणाने काढावे. अडचणीचाच उपयोग करून घ्या: तिचे बोट संदेशावर दाबून धरलेले असावे, हटवण्याचा पर्याय वर आलेला असावा आणि तेवढ्यात आप्पांचे नाव लिहिताना दिसावे.

आप्पांना न्यायाधीश करायचे असेल तर त्यांची भाषा आटोक्यात ठेवा. सध्या ते शेवटी “खरा शब्द जिव्हाळाच, तो तुम्हा दोघांत आहे” असे लिहितात. अक्षरजुळणीत आयुष्य घालवलेला मनुष्य असे बोलणार नाही. तो अक्षरे मोजील. “नी दिलेलीच नाही. आज वैभव.” एवढे त्यांना पुरेसे आहे. ‘मनधरणी’चा अर्थ कथेत कोणीही उच्चारू नये, आजीची आठवणही स्नेहलने गटावर लिहू नये. वैभवला तो शब्द कागदावर मांडण्या करून सापडला की त्यालाही ते दार आठवले, हे तिला कळण्याचा मार्ग एकच आहे: तिने त्याला गटाबाहेर विचारणे. ती विचारते की नाही हे तुम्ही ठरवा. माझ्या मते तिने फोन हातात घ्यावा, गट बंद करून त्याचे नाव उघडावे, आणि दुसऱ्या दिवसाच्या भांडणात त्याला पाठवलेले शेवटचे वाक्य, “खोटं बोलू नकोस”, तिच्या डोळ्यांसमोर यावे. पुढे तिने काय लिहिले ते दिले नाही तरी चालेल.

‘संदेश जसेच्या तसे’ याबद्दल एक शब्द. अकरा दिवसांचे सुप्रभात, फुलांची चित्रे आणि काकूंचे टाळ्यांचे चिन्ह तुम्ही प्रामाणिकपणे उतरवले आहे, आणि गट खरोखर असाच असतो हे मला मान्य आहे. तरी कथेत काकूंचा एकच संदेश ठेवा, आणि तो भावंडांच्या भांडणाच्या ऐन मध्ये येऊ द्या. दोघे पडद्यांची चित्रे टाकत असताना काकूंनी गुढीपाडव्याच्या शुभेच्छा दिल्या तर गट दिसेल आणि भांडणही अधिक टोचेल. तुमचा दुसरा दिवस मात्र पाडव्यानंतर आहे याचे भान ठेवा, कारण 2020 मध्ये पाडवा 25 मार्चला, म्हणजे देशभर टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी होता. शुभेच्छा उशिरा आलेल्या असल्या तर तसे दिसू द्या, नाहीतर रामनवमीच्या शुभेच्छा घाला.

कथा पुन्हा लिहून झाली की त्याच मैत्रिणींना देऊ नका, त्यांना शब्द ठाऊक झालेले असतील. तिसऱ्या कोणाला तरी कागदावर छापून द्या, आणि ‘र म णी ध न’ ही ओळ उजव्या पानाच्या तळाशी येईल आणि उत्तर पान उलटल्यावर येईल अशी मांडणी करा. मग समोर बसा आणि वाचणाऱ्याकडे पाहा. त्या ओळीशी येऊन ती व्यक्ती थांबली, तिचे ओठ हलू लागले आणि पान उलटण्याआधी तिने तुम्हाला “सांगू नका” म्हटले, तर कथा मला पुन्हा पाठवा. मला ती वाचायची आहे.